‘प्रिंट’ दाबण्याआधी

शाळेत प्रकल्प जमा करायचे दिवस आले की संगणक कक्षाबाहेर मुलांची रांग लागते. हातात पेन ड्राइव्ह, नाहीतर फाइल मेलवर पाठवलेली, आणि घंटा व्हायला दहा मिनिटं उरलेली. कागद आणि टोनर सगळ्यात जास्त वाया जातो तो या घाईत. म्हणून रांग लागायच्या आधीच, प्रत्येक वर्गाच्या एका तासाच्या सुरुवातीला, मी मुलांशी थोडा वेळ बोलते. ‘कागद वाचवा, झाडं वाचवा’ ही पाटी कक्षाच्या भिंतीवर आहेच, पण तिच्याकडे बघून कुणी एक पानही कमी छापल्याचं मला दिसलं नाही. मुलांना आकडे दाखवले, समोर हिशेब मांडला, की फरक पडतो.

पहिला हिशेब टोनरचा. आमच्यासारख्या बहुतेक शाळांत काळा-पांढरा लेझर प्रिंटर असतो. त्यात शाई नसते, काळी पूड असते. ही पूड म्हणजे मुख्यतः बारीक दळलेलं प्लास्टिक आणि त्यात मिसळलेला काळा रंग. प्रिंटर ती अक्षरांच्या आकारात कागदावर बसवतो आणि तापलेल्या रुळाखालून कागद नेऊन वितळवून चिकटवतो. ताजं पान हाताला गरम लागतं ते त्यामुळे. कार्ट्रिजच्या खोक्यावर ‘1500 पानं’ असं काही लिहिलेलं असतं. ती पानं कसली? पानाचा साधारण 5 टक्के भाग काळा होतो, असं साधं पत्र धरून तो आकडा काढतात. ए-फोर पान 210 बाय 297 मिलिमीटरचं. त्याचे 5 टक्के म्हणजे सगळी अक्षरं एकत्र गोळा केली तर जेमतेम साडेपाच सेंटिमीटर बाजूचा एक चौकोन. फळ्यावर मी पान काढते, कोपऱ्यात तो चौकोन रंगवते आणि सांगते, “खोक्यावरचं एक पान म्हणजे एवढीच पूड.”

मग एक खरी फाइल पडद्यावर लावते. नववीतल्या एका मुलीने पाणलोट क्षेत्रावर केलेल्या बारा स्लाइड. मोबाइलवर तयार केलेल्या, गडद निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, सगळं पीडीएफमध्ये. दिसायला खरोखर सुरेख. पण काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर तो निळा जवळजवळ काळाच होतो. कमी धरून पानाचा 80 टक्के भाग भरला असं म्हणू. म्हणजे एका स्लाइडला सोळा साध्या पानांची पूड, आणि बारा स्लाइडना 192 पानांची. वर्गात असे आठ प्रकल्प छापले की 1500 पानांचं नवं कार्ट्रिज संपलं. हा आकडा ऐकला की वर्ग गप्प होतो. पूर्वी वर्षभर पुरायचं ते कार्ट्रिज महिन्यात कसं संपतं, याचं उत्तर त्यांना तिथेच मिळतं.

“पण बाई, पांढऱ्यावर काळं केलं तर फिकं दिसेल ना?” असं कुणीतरी विचारतंच. “अगं, पडद्यावर दाखवायची फाइल निळीच ठेव. छापायची प्रत वेगळी कर,” मी म्हणते. मूळ फाइलमध्ये पार्श्वभूमी पांढरी आणि अक्षरं काळी केली की पान 5 टक्क्यांच्या आसपास येतं. फाइल पॉवरपॉइंटची असेल तर छपाईच्या चौकटीत `Pure Black and White` निवडलं तरी बहुतेक काम होतं. फोटो मात्र तसेच काळे राहतात, ते हातानं लहान करावे लागतात किंवा काढावे लागतात.

मग `Pages per sheet` मध्ये 4 निवडते. आता एका बाजूला चार स्लाइड, म्हणजे बारा स्लाइडना तीन बाजू, आणि पाठपोट छापलं तर दोन कागद. प्रत्येक स्लाइड एक चतुर्थांश क्षेत्रफळाची झाली, म्हणून पूडही तेवढीच कमी लागते. बारा कागद आणि 192 पानांची पूड लागणार होती, तिथे दोन कागद आणि तीन पानांची पूड पुरली. मजकुरातला एक शब्दही कमी केलेला नाही. तो ‘तीन’ मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते.

हे स्लाइडना चालतं, कारण त्यांतली अक्षरं मोठी असतात. 24 पॉइंटचं अक्षर चारपट दाटीत छापलं तरी 10-11 पॉइंटचं उरतं, सहज वाचता येतं. निबंध किंवा प्रश्नसंच असा छापू नये. 12 पॉइंटचा मजकूर एका बाजूला दोन पानं करून छापला तर साडेआठ पॉइंटवर येतो, आणि देवनागरीला ते फार बारीक पडतं. उकार आणि रफार एकमेकांत मिसळतात, अनुस्वार दिसेनासा होतो. हीच मर्यादा टोनर वाचवणाऱ्या फिक्या छपाईला. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ती `EconoMode`, `Toner Save` किंवा `Draft` अशा नावानं असते. मुद्रितशोधनासाठी काढायच्या कच्च्या प्रतीला ती उत्तम. पण परीक्षेच्या कागदावर अनुस्वार पुसट झाला तर ‘मांडी’ची ‘माडी’ होईल, म्हणून तिथे मी ती वापरू देत नाही.

अक्षरांच्या वळणानं शाई वाचते का, हा प्रश्न एखादा चौकस मुलगा विचारतोच, तेव्हा मी त्यांना सुवीर मीरचंदानीची गोष्ट सांगते. अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलानं शाळेत वाटली जाणारी पत्रकं गोळा केली, त्यांत सगळ्यात जास्त येणारी इंग्रजी अक्षरं शोधली आणि चार फॉन्टमध्ये ती किती शाई पितात ते मोजलं. ताळा घ्यायला त्यानं अक्षरं मोठी करून जाड कागदावर छापली, कापली आणि तराजूत तोलली. गॅरामंड फॉन्ट वापरला तर शाळेची 24 टक्के शाई वाचेल असं त्याचं उत्तर आलं. 2014 मध्ये ही बातमी जगभर गाजली, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. नंतर अक्षररचनेच्या जाणकारांनी त्यातली गोम दाखवली: त्याच पॉइंटमध्ये गॅरामंडची अक्षरं मुळातच लहान असतात. दुसरा कुठलाही फॉन्ट तेवढा लहान केला तर तीच बचत होते. मुलांना मी दोन्ही बाजू सांगते. त्याची मोजण्याची पद्धत शिकण्यासारखी आहे, पण आपल्या प्रिंटरवर फॉन्ट बदलून फार काही हाती लागणार नाही. सगळा मजकूर ठळक करायची सवय सोडली तरी पुष्कळ झालं.

आपल्या मराठी शाळांत फॉन्टनं वेगळंच नुकसान होतं. घरी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली फाइल शाळेच्या संगणकावर उघडली आणि तो फॉन्ट तिथे नसला, की पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. घाईत कुणी न बघता छापलं तर वीस पानं थेट टोपलीत. यावर उपाय एकच. मजकूर युनिकोडमध्ये टंकावा आणि छापायला आणताना घरूनच पीडीएफ करून आणावी. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत येतो, ओळी आणि पानंही जिथल्या तिथे राहतात.

म्हणूनच `Ctrl+P` दाबल्यावर समोर जे छोटं चित्र उमटतं ते शेवटच्या पानापर्यंत बघायचं, हा माझा एकमेव सक्तीचा नियम आहे. शेवटचं पान आधी बघायचं. संकेतस्थळावरून छापताना त्या पानावर बहुधा फक्त पत्ता आणि तारीख असते, नाहीतर जाहिरातींचे अवशेष. ब्राउझरच्या छपाईच्या चौकटीत `Headers and footers` आणि `Background graphics` यांवरची खूण काढली आणि हवी तीच पानं, समजा `2-4`, लिहिली की अर्ध्याहून अधिक कागद तिथेच वाचतो. स्वतःच्या फाइलमध्ये दोन ओळी तिसऱ्या पानावर सांडल्या असतील तर समास थोडे कमी करावेत किंवा ओळींमधलं अंतर बघावं. मंगलसारखा फॉन्ट मुळात दोन ओळींत बरीच जागा सोडतो. पण अंतर `Exactly` करून फार घट्ट आवळलं तर वरच्या मात्रा आणि वेलांट्या कापल्या जातात, तेही चित्रात तपासून घ्यावं.

पाठकोरे कागद आम्ही वेगळ्या खोक्यात ठेवतो. ते प्रिंटरमध्ये घालण्याच्या मी विरोधात नाही, पण अटी आहेत. घडी पडलेला, कड वळलेला किंवा पिन राहिलेला कागद घालायचा नाही. पिननं ड्रमवर ओरखडा गेला तर पुढच्या प्रत्येक पानावर तीच काळी रेघ येते, आणि वाचवलेल्या दहा कागदांपायी दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. असे कागद गणिताच्या कच्च्या कामालाच बरे. पावसाळ्यात तर कोरा कागदही सादळतो. मग तो वळतो, दोन-दोन एकदम आत ओढले जातात, अडकतात. रीम फोडल्यावर उरलेला गठ्ठा त्याच वेष्टनात गुंडाळून ठेवला तर हे बरंच टळतं.

पडद्यावर `Toner Low` आलं म्हणजे टोनर संपला असंही नाही. पानावर फिकट उभे पट्टे दिसेपर्यंत छापत राहावं. ते दिसले की कार्ट्रिज काढून आडवं धरावं, हलक्या हातानं चार-सहा वेळा डावी-उजवीकडे हलवावं आणि परत बसवावं. पूड सारखी पसरते आणि आणखी बरीच पानं निघतात. हे काम शिक्षकांनीच करावं. पूड सांडलीच तर कोरड्या फडक्यानं पुसावी आणि हात थंड पाण्यानं धुवावेत. गरम पाण्यानं ती चिकटते.

आता शिक्षकांना आणि शाळेला एक विनंती. मुलांना दर वेळी आठवण करण्याऐवजी प्रिंटरच्या `Printing preferences` मध्ये `Print on both sides` एकदाच कायमचं लावून ठेवा. ज्याला एकाच बाजूला छापायचं असेल तो मुद्दाम बदलेल. प्रिंटर आपोआप पान उलटत नसेल तर आधी विषम पानं छापा, मग गठ्ठा उलटून सम पानं. गठ्ठा कुठल्या बाजूनं घालायचा हे प्रत्येक प्रिंटरचं वेगळं असतं. एका कागदावर पेन्सिलीनं फुली मारून तो आत सोडा, फुली कुठे येते ते बघा आणि ट्रेवर तसं चित्र चिकटवून ठेवा. आजच्या मधल्या सुट्टीत हे करून टाका.