रंग तोच, खाते वेगळे

अकरावी-बारावीच्या पुस्तपालनात एका गुणाचा प्रश्न येतो: ‘यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च भांडवली की महसुली?’ बहुतेक मुले ‘दुरुस्ती’ हा शब्द दिसताच महसुलीवर खूण करतात. पुष्कळदा ते बरोबरही निघते. फसगत होते ती ‘जुने विकत घेतलेले’ हे शब्द नजरेतून सुटले की.

समजा, एका वर्कशॉपवाल्याने 80,000 रुपयांना जुनी लेथ घेतली. ती चालत नव्हती. चालू करायला 12,000 लागले, टेम्पोभाडे 3,000 आणि पाया घालून बसवण्याची मजुरी 5,000. हा सारा खर्च यंत्र खात्यावर जातो आणि ताळेबंदात लेथ 1,00,000 रुपयांची दिसते. दुरुस्ती आणि मजुरी ही नावे इथे गैरलागू, कारण त्या खर्चाशिवाय लेथवर एकही नग निघाला नसता. तीच लेथ वर्षभर राबल्यावर झिजलेला पट्टा बदलायला 4,000 लागले, तर तो खर्च नफा-तोटा खात्यावर. त्याने लेथ पूर्वीसारखी चालत राहिली, अधिक काही मिळाले नाही.

म्हणून खर्चाचे नाव वाचण्याआधी विचारावे: त्या वेळी वस्तू कामाला लागली होती का? रंगाचेही तसेच. नव्या इमारतीचा पहिला रंग इमारतीच्या किमतीत मिसळतो. चार वर्षांनी दिलेला रंग महसुली. पण जुनी व्हॅन घेऊन रस्त्यावर आणण्यापूर्वी रंगवली, तर तो रंग पुन्हा भांडवली.

चूक झाली तर काय बिघडते? वरचे 20,000 रुपये थेट नफा-तोटा खात्याला टाकले, तर त्या वर्षीचा नफा तेवढ्याने घटतो. यंत्र खात्यात ठेवून 10 टक्के घसारा काढला असता, तर त्यांपैकी फक्त 2,000 त्या वर्षाच्या वाट्याला आले असते. म्हणजे नफा 18,000 रुपयांनी कमी दिसला.

या कसोटीलाही मर्यादा आहेत. कामाला लागल्यानंतरचा खर्चही भांडवली असू शकतो: जुनी मोटर काढून अधिक शक्तीची बसवली आणि उत्पादन वाढले, तर तो यंत्रावरच चढतो. उलट, लेथ उतरवताना निष्काळजीपणाने हँडल मोडले आणि 2,000 लागले, तर ते वापरापूर्वीचे असूनही किमतीत धरत नाहीत. ते नुकसान आहे, उभारणी नव्हे. परीक्षेत अशी ओळ क्वचित येते, पण आली की हुशार मुलेही चुकतात.

आणि चालू लेथ उचलून दुसऱ्या शेडमध्ये नेण्याचा खर्च? लेखा मानक 10 नुसार तो यंत्राच्या किमतीत धरता येत नाही.