कुंपण वाढते, जमीन वाढत नाही

स्वीडनचे गणितज्ञ हेल्गे फॉन कॉख यांनी 1904 मध्ये मांडलेल्या वक्रातून हिमकणाची ही आकृती तयार होते. 27 सेंटिमीटर बाजूचा समभुज त्रिकोण काढा. प्रत्येक बाजूचे तीन सारखे भाग करा, मधला भाग पुसा आणि तिथे बाहेरच्या अंगाला छोटा समभुज त्रिकोण उभा करा. तीन तुकड्यांच्या जागी चार आले, म्हणून परिमिती 81 वरून 108 सेंटिमीटर झाली. पुन्हा तेच केले की 144, मग 192. विसाव्या पायरीला ती सुमारे 255 मीटर भरते! अर्थात कागदावर पाचव्या पायरीलाच रेघ जेमतेम मिलिमीटरभर उरते आणि पेन्सिल हात टेकते.

क्षेत्रफळाचे गणित वेगळे. मूळ त्रिकोण 81 एकके धरू. पहिल्या पायरीत 27 एकके वाढतात, दुसरीत 12, तिसरीत सव्वापाचच्या आसपास. नवे त्रिकोण चौपट होतात खरे, पण प्रत्येकाचे क्षेत्रफळ नवव्या हिश्श्यावर येते. त्यामुळे प्रत्येक भर आधीच्या भरीच्या चार नवमांश. सगळ्यांची बेरीज 129.6 च्या पुढे कधीच जात नाही. हिशेब नको असेल, तर मूळ त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारे वर्तुळ काढा. एकही टोक त्याबाहेर डोकावत नाही.