सिंकमध्ये नेमकं काय ओतलंत?

ट्यूनाचे दोन डबे शेजारी शेजारी ठेवा, एक तेलातला आणि एक मिठाच्या पाण्यातला. आता सांगा, मीठ कुठल्या माशात जास्त? पाण्यातल्या, यात विचारायचं काय! पण ब्रिटनमधले अन्नघटकांचे तक्ते बघितले की थबकायला होतं. डबा निथळून घेतल्यावर 100 ग्रॅम माशात सोडियम किती? मिठाच्या पाण्यातल्या ट्यूनात सुमारे 320 मिलिग्रॅम आणि तेलातल्या ट्यूनात सुमारे 290. फरक जेमतेम 30 मिलिग्रॅमचा. मिठाच्या भाषेत सांगायचं तर चिमटीच्या चिमटीतसुद्धा सापडणार नाही एवढा!

मासा मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने बुडून बसला, तरी तो तेलातल्या माशाइतकाच खारट कसा?

याचं उत्तर एका साध्या गोष्टीत आहे. मीठ तेलात विरघळत नाही. चमचाभर मीठ वाटीभर तेलात घालून कितीही ढवळा, ते तळाशीच बसणार. मीठ पाण्याचा सोबती. आता तेलाच्या डब्यात पाणी असतं कुठे? फक्त माशाच्या मांसात. म्हणजे डबा भरताना घातलेलं मीठ मुरतं ते माशातच आणि तिथेच अडकतं. तुम्ही तेल ओतून दिलंत तरी मीठ तसंच आत राहतं. पाण्याच्या डब्यात मात्र मीठ मासा आणि पाणी या दोघांत वाटलं जातं, आणि पाणी ओतलं की त्याचा वाटाही सिंकमध्ये जातो. एका डब्यात मीठ कमी, पण सगळं माशात. दुसऱ्यात मीठ जास्त, पण त्यातला बराच वाटा पाण्याकडे. म्हणून शेवटी आकडे शेजारी येऊन बसतात.

यातून एक सुंदर युक्ती निघते. मीठ पाण्याच्या मागे जातं, तर मग अजून पाणी का देऊ नये? 1983 साली अमेरिकेत हा प्रयोग झाला. डब्यातला ट्यूना नळाखाली तीन मिनिटं धुतला, तर त्यातलं जवळजवळ 80 टक्के सोडियम निघून गेलं! रक्तदाबासाठी मीठ मोजणाऱ्याला याहून स्वस्त उपाय कुठला? एवढं मात्र खरं, की मिठाबरोबर चवही वाहून जाते आणि थोडं कॅल्शियमसुद्धा. लिंबू, कांदा, मिरी हाताशी ठेवा.

आता तेलाकडे वळू. इथे दोन मासे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

ट्यूना, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या कुपाच्या घराण्यातला मासा, डब्यात जाणारा बहुतेकदा स्किपजॅक जातीचा असतो. लांब पल्ल्याचा पोहणारा, आणि अंगात चरबी अगदी कमी. त्यातून कारखान्यात तो आधी वाफेवर शिजवतात, तेव्हा होती-नव्हती तीही बरीचशी गळून जाते. असा कोरडा मासा तेलात पडला की तेल शोषून घेतो. त्याच तक्त्यांत निथळलेल्या ट्यूनाची चरबी बघा: पाण्यातला 0.6 ग्रॅम, तेलातला 9 ग्रॅम. पंधरापट! आणि उष्मांक 99 वरून 189 वर. हे तेल माशाचं नाही. ते सूर्यफुलाचं, सोयाबीनचं किंवा ऑलिव्हचं, जे काय कारखान्याने ओतलं असेल ते.

सार्डीनचं तसं नाही. तारलीच्या नात्यातला हा मासा मुळातच तेलकट. मिठाच्या पाण्यातल्या सार्डीनमध्येही निथळल्यावर 100 ग्रॅममागे जवळजवळ 10 ग्रॅम चरबी असते, तेलातल्यात 14. फरक आहे, पण पंधरापट नव्हे, दीडपटसुद्धा नाही. म्हणजे ‘चरबी कमी हवी, म्हणून पाण्यातला डबा’ हा हिशेब ट्यूनाला लागू पडतो. सार्डीनला फारसा नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. ज्याच्यासाठी डॉक्टर मासे खायला सांगतात, ते ओमेगा-3 असतं सार्डीनच्या स्वतःच्या तेलात. बंद डब्यात हे तेल गप्प बसत नाही. तेलाला तेल भेटतं, आणि देवघेव सुरू होते: बाहेरचं तेल माशात शिरतं, माशाचं तेल बाहेर येतं. डब्यातल्या तेलात आता ओमेगा-3 मिसळलेलं आहे. ते ओतून दिलंत, तर त्याचा काही भाग तुम्ही ओतून दिलात. मिठाच्या पाण्यात ही पळवाट नाही, कारण तेल पाण्यात मिसळतच नाही. तिथे माशाचं तेल बहुतांशी माशातच राहतं. बघा, नियम तोच, फक्त उलटा फिरला! पाणी ओतलं की मीठ जातं आणि तेल ओतलं की तेलातलं जातं. म्हणून सार्डीनचं तेल टाकू नका, उकडलेल्या बटाट्यावर किंवा गरम भातावर घाला.

आता डबा उघडल्यावर तो किती टिकतो? आपल्या मनात लोणच्याची बरणी असते: वर तेलाचा थर आहे, मग काळजी कसली? पण लोणच्याला राखतं ते आंबटपण आणि भरपूर मीठ. डब्यातल्या माशात आंबटपण नाही आणि मीठही बेताचं. त्याला राखलं होतं ते उष्णतेने. झाकण पक्कं बसवल्यावर डबा दाबाखाली सुमारे 121 अंशांपर्यंत तापवतात, इतका की त्याच्या मध्यापर्यंत पोचलेली आच बोट्युलिझमच्या जिवाणूचे चिवट बीजाणूही मारते. हे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत! याच आचेने सार्डीनचे काटे इतके मऊ होतात, की ते सरळ चावून खाता येतात आणि कॅल्शियम देऊन जातात.

झाकण उघडलं, की ही सगळी कमाई संपली. हवेतले, चमच्यावरचे, हातावरचे जिवाणू आत येतात, आणि आता हा डबा म्हणजे घरात शिजवलेला मासा. तेलातला असो वा पाण्यातला, मुदत सारखीच: काचेच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात काढून, झाकून, फ्रिजमध्ये दोन दिवस, फार तर तीन-चार. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि आपल्या मे महिन्यात एक तास पुरे.

वास घेऊन ठरवू म्हणाल, तर इथे नाक दगा देतं. ट्यूना आणि सार्डीनमध्ये हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. उबेत काही जिवाणू त्याचं हिस्टामिन बनवतात. मासा दिसायला, हुंगायला ठीकठाक वाटू शकतो, आणि खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगावर गांध्या उठतात, हुबेहूब ॲलर्जीसारख्या. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून जात नाही! ज्या उष्णतेने बीजाणू मारले, ती याच्यापुढे हतबल. कधीकधी जिभेला मिरीसारखी चुणचुण लागते. तसं झालं तर घास तिथेच थुंका. पण या खुणेची वाट बघत बसू नका, कारण ती दर वेळी मिळत नाही. भरवसा ठेवायचा तो थंडपणावर आणि घड्याळावर.

आणि फ्रिजमध्ये ऑलिव्ह तेलातल्या सार्डीनवर पांढरे कण दिसले तर दचकू नका. थंडीने तेल गोठलंय. थोडा वेळ बाहेर ठेवलं की ते पुन्हा पातळ होतं. बुरशी कधी वितळत नाही.