पाव वेगातून पूर्ण वेगात

‘खेळाडू स्लो मोशनमध्ये उडी मारतो आणि मग वेगाने धावतो.’ कबड्डीवरच्या एखाद्या छोट्या माहितीपटाच्या पटकथेत हे वाक्य सहज खपून जाईल. पण कॅमेरामन आणि संकलक यांच्या हाती ते पडलं की घोटाळा सुरू होतो. ‘वेगाने’ म्हणजे कोण वेगाने? खेळाडूने जीव तोडून धावायचं, की तो नेहमीसारखाच धावणार आणि चित्र भरभर पळवायचं? ‘आणि मग’ म्हणजे इथे शॉट तुटतो का? संकलक बहुधा तोडतोच, आणि एक संथ तुकडा व एक साधा तुकडा एकमेकांना जोडून देतो.

लिहिणाऱ्याला हवा असतो तो स्पीड रॅम्प. शॉट एकच, मध्ये कुठेही कट नाही, आणि त्याच शॉटच्या पोटात संथ गती सरून नेहमीची गती येते. मार्टिन स्कॉर्सेसीच्या १९८० सालच्या ‘रेजिंग बुल’मध्ये छायालेखक मायकेल चॅपमन यांनी हे चालू कॅमेऱ्यातच केलं होतं. मुष्टियुद्धाच्या दृश्यांत फिल्मचा वेग सेकंदाला २४ फ्रेमवरून ४८ वर जाई आणि परत येई. वेग दुप्पट झाला की प्रत्येक फ्रेमला प्रकाश निम्माच मिळतो, म्हणून त्याच क्षणी लेन्सचं छिद्रही तेवढंच उघडावं लागतं. ते चुकलं की शॉट मध्येच काळवंडतो.

आता बहुतेक जण सगळा शॉट जास्त फ्रेमने टिपतात आणि वेग संकलनात बदलतात. म्हणूनच कागदावरचं वाक्य आधी नेमकं लागतं. आपल्या कबड्डीपटूसाठी ते असं लिहिता येईल:

‘एकच सलग शॉट, कट नाही. सेकंदाला १०० फ्रेमने शूट. चढाईपटूचे पाय सुटल्यापासून पाव वेग. उजवा पाय जमिनीला टेकताच १० फ्रेममध्ये पूर्ण वेग. मध्यरेषेला हात लागेपर्यंत तोच.’

यात ‘दोन सेकंदांनी वेग बदला’ असं म्हटलेलं नाही. उडी किती लांबेल हे आधी कोण सांगणार? पण पाय टेकणं पडद्यावर सगळ्यांना दिसतं. बदल अशा दिसणाऱ्या घटनेला बांधला की दिग्दर्शक, कॅमेरामन आणि संकलक तिघेही एकाच फ्रेमवर बोट ठेवतात. शिवाय वेग बदलायला कारण मिळतं. हवेत असताना बदलला तर प्रेक्षकाला यंत्र बिघडल्यासारखं वाटतं.

आकडेमोड सोपी आहे. उडी प्रत्यक्षात अर्ध्या सेकंदाची, म्हणजे ५० फ्रेम. आपला पडदा सेकंदाला २५ फ्रेम दाखवतो, तेव्हा ती दोन सेकंद दिसेल. पुढची दीड सेकंदाची धाव जवळपास तेवढीच राहील. सगळा शॉट पावणेचार सेकंदांच्या आतबाहेर. ‘१० फ्रेममध्ये’ हे शब्द गाळले तर संकलक एक तर झटका देईल किंवा बदल इतका लांबवेल की धाव संपली तरी वेग चढतोच आहे.

मूळ शॉट २५ फ्रेमनेच घेतला असेल, तर पाव वेगासाठी प्रत्येक फ्रेम चार वेळा दाखवावी लागते आणि उडी ठेचकाळते. एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहा: चौथ्या फ्रेमलाच चित्र हललं, तर दुखणं हेच. सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम स्वतः रचूनही देतं, पण बचाव करणाऱ्यांच्या साखळीत पायांत पाय अडकलेले असतात, तिथे घोटे एकमेकांत वितळून जातात.

उलटा दोष कमी जणांच्या ध्यानात येतो. १०० फ्रेमने टिपलेल्या प्रत्येक फ्रेमला साधारण १/२०० सेकंदच प्रकाश मिळतो, त्यामुळे ती लख्ख स्पष्ट असते. पूर्ण वेगाच्या भागात त्यातली दर चौथी फ्रेम दिसते, आणि नेहमीचा किंचित धूसरपणा नसल्याने धाव कोरडी, तुटक वाटते. तो धूसरपणा संकलनात वेगळा घालावा लागतो. तसंही वाक्यात लिहून ठेवावं. कॅमेरा खेळाडूबरोबर फिरणार असेल तर तेही लिहा, कारण उजवा पाय टेकताच कॅमेऱ्याची चालही चौपट होते. माझ्या मते पहिल्या प्रयत्नात कॅमेरा स्थिरच ठेवावा.

फोनवर करून पाहायचं असेल तर बऱ्याच फोनमध्ये स्लो मोशन कुठे सुरू व्हावी आणि कुठे संपावी याच्या खुणा शूटिंगनंतर सरकवता येतात. दुसरी खूण पाय टेकण्यावर आणून ठेवा. सामना ट्यूबलाइटच्या उजेडातला असेल तर १२० फ्रेमला चित्र लुकलुकू शकतं, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. फोनमध्ये १०० चा पर्याय असेल तर तो घ्या, नाहीतर चढाई उन्हात टिपा.