टीबीतून उठणाऱ्या माणसाचं ताट: पालीच्या बाजारात मिळणाऱ्या शाकाहारी जिनसांतून

टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण झिजलेलं शरीर भरून काढायला अन्नच लागतं. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात 'राशन्स' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात रुग्णांना औषधांसोबत दरमहा तांदूळ, भाजलेल्या चण्याचं पीठ, दूध पावडर आणि तेल दिलं गेलं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. त्या शिध्यात मांस-अंडी नव्हती, म्हणजे शाकाहारी ताटावरही हे जमतं.

किती खायचं?

सुधागड तालुक्यातल्या एका मजुराचं उदाहरण धरू. उंची १६२ सेंटिमीटर, वजन ४४ किलो. या उंचीला साधारण ५५ किलो वजन हवं. हिशेब आजच्या नाही, हव्या असलेल्या वजनावर करायचा: किलोमागे ४० कॅलरी आणि सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं. म्हणजे दिवसाला सुमारे २२०० कॅलरी आणि ७० ते ८० ग्रॅम प्रथिनं. भात आणि पातळ वरणावर पोट भरतं, पण प्रथिनं निम्म्यावरच राहतात. म्हणून खाणं सहा वेळांत वाटायचं.

दिवसाचं ताट (धान्य-कडधान्याची वजनं कोरडी, शिजवण्याआधीची)

- सकाळी: ४० ग्रॅम नाचणीच्या पिठाची खीर, एक पेला (२०० मिली) दूध आणि थोडा गूळ.
- दहा वाजता: मूठभर शेंगदाणे (३० ग्रॅम), तेवढेच फुटाणे, गुळाचा खडा.
- दुपारी: १२० ग्रॅम तांदळाचा भात, ५० ग्रॅम वालाचं बिरडं, पालेभाजी, लिंबू. फोडणीला दोन चमचे तेल.
- चारला: ३० ग्रॅम फुटाण्यांचं पीठ पाण्यात गूळ घालून कालवून, सोबत एक केळं.
- रात्री: दोन भाकऱ्या (१०० ग्रॅम पीठ) आणि २५ ग्रॅम सोया वडीचा रस्सा, दोन चमचे तेलातला. वड्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळल्या की उग्र वास जातो.
- झोपताना: एक पेला दूध.

याची बेरीज सुमारे २२५० कॅलरी आणि ७५ ते ८० ग्रॅम प्रथिनं होते. वालाऐवजी चवळी, मूग किंवा कुळीथ चालेल.

पैशाचा हिशेब

निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. १००० म्हणजे दिवसाला साधारण ३३ रुपये. दूध लिटरला ५५ रुपये धरलं, तर दोन पेल्यांनाच २२ रुपये लागतात. म्हणून पैसे आखडले तर रात्रीचा पेला काढा आणि त्याजागी आणखी ३० ग्रॅम फुटाण्यांचं पीठ घ्या. प्रथिनं तेवढीच मिळतात, खर्च बराच कमी होतो. सकाळचा पेला मात्र ठेवा, कारण शाकाहारी ताटात बी-१२ मुख्यतः दुधातूनच येतं. तांदूळ रेशनचा वापरा आणि रोख पैसा शेंगदाणे, फुटाणे, सोया, वाल यांवर घाला. महागडे प्रोटीनचे डबे घेण्याची गरज नाही.

कुठे अडतं?

पहिल्या आठवड्यांत भूक नसते, गोळ्यांनी मळमळतं. तेव्हा ताट भरून आग्रह करू नका. दर दोन तासांनी थोडं द्या आणि भातात, खिरीत कुटलेले शेंगदाणे मिसळा. उलट्या थांबत नसतील किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उभं राहवत नाही इतका अशक्तपणा किंवा पायांवर सूज असेल, तर आहार एकदम वाढवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असल्यास गूळ-केळं आणि मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

दुसरी अडचण घरातली. रुग्णाचे शेंगदाणे आणि दूध मुलांच्या वाट्याला जातं, आणि आईबाप ते थांबवू शकत नाहीत. 'राशन्स'मध्ये म्हणूनच अर्ध्या घरांतल्या इतर माणसांनाही तांदूळ आणि तूरडाळ दिली. त्या घरांत नवे टीबी रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी निघाले. कार्यकर्त्यांनी शिधा जमवताना रुग्णापुरता नव्हे, घरापुरता जमवावा, असं आम्हाला वाटतं.

वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर करून वहीत लिहा. आपल्या उदाहरणातल्या मजुराचं वजन दोन महिन्यांत सव्वादोन किलोंनी, म्हणजे ४६ च्या पुढे जायला हवं. काटा हलत नसेल तर तीन गोष्टी तपासा: ताट खरंच त्याच्याच पोटात जातंय का, गोळ्या चुकतात का, आणि रक्तातली साखर तपासली आहे का.