धुरातले गर्भारपण आणि बाळाची फुप्फुसे

गर्भातले बाळ हवेत श्वास घेत नाही. त्याला लागणारा प्राणवायू आईच्या रक्तातून, वारेमार्फत मिळतो. त्यामुळे बाहेरच्या हवेतल्या धुराची झळ त्याला जन्मानंतरच लागत असेल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात ती त्याआधी बरीच लागते. बेल्जियममधल्या हासेल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रसूतीनंतर मिळालेल्या वारांची तपासणी केली, तेव्हा वारेच्या गर्भाकडच्या बाजूलाही काजळीचे सूक्ष्म कण सापडले. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रिया अधिक काजळीच्या हवेत राहिल्या होत्या, त्यांच्या वारेत हे कणही अधिक होते. पुढे २०२२ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या संशोधकांसह झालेल्या अभ्यासात असेच कण गर्भाच्या यकृतात, फुप्फुसात आणि मेंदूत आढळले. या गर्भांच्या माता धूम्रपान करणाऱ्या नव्हत्या.

हे कण म्हणजे ‘पीएम २.५’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धुळीचा भाग. त्यांचा व्यास २.५ मायक्रॉन किंवा त्याहून कमी असतो. नाकातले केस आणि घशातला चिकट स्राव मोठी धूळ अडवतो, पण इतके बारीक कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तात उतरतात. तिथे त्यांच्यामुळे आईच्या शरीरात मंद दाह सुरू होतो. वारेतल्या बारीक रक्तवाहिन्या नीट पसरत नाहीत आणि बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी पडतो. चुलीच्या धुरात आणि गाड्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायूही असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. आईच्या रक्तातून तो लवकर निघून जातो, बाळाच्या रक्तातून मात्र सावकाश. म्हणजे पोषण आणि प्राणवायू या दोन्ही बाजूंनी बाळाच्या वाढीला चिमटा बसतो. परिणामी बाळ पुऱ्या दिवसांचे असूनही लहान भरते, किंवा दिवस भरण्याआधीच जन्माला येते.

जन्मवेळी २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेले बाळ कमी वजनाचे मानले जाते. प्रदूषणामुळे हे वजन नेमके किती घटते, याची उत्तरे ऐकायला फार मोठी वाटत नाहीत. तामिळनाडूत सुमारे १३०० गर्भवतींच्या अभ्यासात पीएम २.५ चे प्रमाण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले, की जन्माचे वजन सरासरी ४ ग्रॅमने कमी भरते, असे दिसले. बीजिंगमध्ये २००८ च्या ऑलिंपिकसाठी कारखाने आणि वाहने काही आठवडे आवरली गेली. गर्भारपणाचा आठवा महिना त्या स्वच्छ काळात गेला, त्या स्त्रियांची बाळे आदल्या आणि पुढच्या वर्षी त्याच सुमारास जन्मलेल्या बाळांपेक्षा सरासरी २३ ग्रॅमने जड होती. धडधाकट, तीन किलोच्या बाळाला २३ ग्रॅमचा फरक पडत नाही, हे खरे. पण सरासरी हलते तेव्हा सगळा समूहच हलतो. २५०० च्या आसपास घुटमळणारी बाळे जिथे हजारोंनी जन्माला येतात, तिथे थोड्या ग्रॅमांनीही रेषेच्या खाली जाणाऱ्यांची संख्या वाढते. बीजिंगच्या अभ्यासातली दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे आठवा महिना. बाळाचे वजन झपाट्याने वाढते ते याच शेवटच्या टप्प्यात.

मग चूल बदलली तर बाळाचे वजन वाढेल का? हा प्रश्न विचारणारी सर्वांत काटेकोर चाचणी भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत झाली. भारतातली केंद्रे तामिळनाडूच्या विलुप्पुरम आणि नागपट्टिनम जिल्ह्यांत होती आणि तिथले काम चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेने पाहिले. लाकूड, गोवऱ्या अशा सरपणावर स्वयंपाक करणाऱ्या सुमारे ३२०० गर्भवती चाचणीत होत्या. कोणाला गॅस द्यायचा आणि कोणी चूलच चालू ठेवायची, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले गेले. पहिल्या गटाला शेगडी आणि भरलेले सिलिंडर फुकट घरपोच मिळत होते, तेही बाळ वर्षाचे होईपर्यंत. सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल पुन्हा पेटवावी लागते, ही नेहमीची अडचण त्यामुळे उरली नाही. गर्भारपणात तीन वेळा त्या स्त्रियांनी चोवीस चोवीस तास कण मोजणारे छोटे यंत्र अंगावर बाळगले. बाळ जन्मले की एका दिवसाच्या आत त्याचे वजन घेतले जाई.

गॅसने धूर खरोखरच कमी झाला. चूल वापरणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातल्या हवेत पीएम २.५ चे मधले मूल्य घनमीटरमागे सुमारे ७१ मायक्रोग्रॅम होते, तर गॅसवाल्या गटात ते २४ वर आले. बाळांच्या वजनात मात्र फरक पडला फक्त सुमारे २० ग्रॅमचा. चूल गटाची सरासरी २८९८ ग्रॅम होती, गॅस गटाची २९२१. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक योगायोगानेही आला असेल, असे म्हणावे लागले. २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा अनेकांची निराशा झाली.

या निकालावरून चुलीचा धूर निरुपद्रवी ठरतो, असे मात्र नाही. चाचणीत स्त्रियांना घेतले गेले ते गर्भ नऊ ते वीस आठवड्यांचा असताना. म्हणजे वार रुजते आणि तिचे रक्तवाहिन्यांचे जाळे उभे राहते, तो काळ बहुतेकींनी जुन्या धुरातच काढला होता. शिवाय २४ हा आकडा ७१ पेक्षा चांगला असला, तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घालून दिलेली वार्षिक मर्यादा ५ आहे. एका घरातली चूल विझली, तरी शेजारच्या चुली, जाळलेला कचरा आणि रस्त्यावरचा धूर तिथेच राहतो. आणि जन्माचे वजन केवळ हवेवर ठरत नाही. आईचा आहार, रक्तक्षय, तिची उंची, दोन बाळंतपणांमधले अंतर, मलेरियासारखे आजार हे सगळे त्यात असते. त्यांच्यापुढे धुराचा वाटा लहान दिसतो, म्हणून तो नाहीच असे होत नाही. याच चाचणीत गट बाजूला ठेवून प्रत्येक स्त्रीच्या श्वासातला प्रत्यक्ष धूर आणि तिच्या बाळाचे वजन ताडून पाहिले, तेव्हा जास्त धुरामागे कमी वजन हे नाते थोडेसे का होईना, दिसले.

वजन तान्ह्या बाळाला तराजूत ठेवले की कळते. फुप्फुसांचे तसे नाही, आणि खरी काळजी तिथे आहे. श्वासनलिकेच्या फांद्या गर्भारपणाच्या सतराव्या आठवड्यापर्यंत फुटून होतात. पुढे त्या फक्त लांब-रुंद होतात, नव्या फुटत नाहीत. ज्या पिशव्यांतून प्राणवायू रक्तात जातो ते वायुकोश शेवटच्या महिन्यांत तयार होऊ लागतात, पण त्यांतले बहुसंख्य जन्मानंतर, मुख्यतः पहिल्या दोन-तीन वर्षांत बनतात. नेमक्या याच वयात मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक हवा आत घेते. चूल पेटलेली असते तेव्हा ते आईच्या कडेवर किंवा चुलीजवळ जमिनीवर असते. घानातल्या किंटाम्पो भागात महिन्याभराच्या बाळांचा श्वास ती झोपेत असताना मोजला गेला. आईच्या पोटात असताना ज्यांना कार्बन मोनॉक्साइड अधिक मिळाला होता, त्यांचा श्वास जलद होता आणि सोडताना तो अडखळत होता. मुलींमध्ये हा परिणाम ठळक होता.

मूल पाच-सहा वर्षांचे झाले की त्याला नळीत जोराने फुंकायला सांगता येते. या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. छाती भरून श्वास घेऊन पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर टाकता आली, हा तिचा मुख्य आकडा. वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावरून तो किती यायला हवा हे ठरलेले असते. अपेक्षेच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी आला, तर फुप्फुसे मागे पडली असे डॉक्टर समजतात. असे मूल आजारी दिसतेच असे नाही. ते खेळते, शाळेत जाते, फारतर धावताना इतरांच्या मागे राहते. म्हणून फुंकून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांवर १९९३ पासून नेमकी हीच मोजणी वर्षानुवर्षे झाली. लॉस एंजेलिसच्या परिसरात डोंगरांनी अडवलेली हवा गाड्यांच्या आणि बंदरांच्या धुराने भरलेली असे. बारा गावांतल्या मुलांना दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत तपासले गेले. सर्वांत स्वच्छ गावात अठराव्या वर्षी फुप्फुसे मागे पडलेली मुले १.६ टक्के होती, तर सर्वांत प्रदूषित गावात ७.९ टक्के. मधल्या काळात कोणी गाव बदलले, तर त्यातूनही शिकायला मिळाले. स्वच्छ गावी गेलेल्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ सुधारली, धुळीच्या गावी गेलेल्यांची मंदावली.

याच काळात कॅलिफोर्नियात इंधन, इंजिने आणि डिझेल ट्रक यांच्यावरचे नियम कडक होत गेले आणि हवा सुधारत गेली. म्हणून त्याच पाच गावांतल्या मुलांच्या तीन पिढ्या ताडून पाहता आल्या. पंधराव्या वर्षी ८० टक्क्यांखाली असलेली मुले १९९८ च्या सुमारास ७.९ टक्के होती. २००१ च्या सुमारास ती ६.३ आणि २०११ च्या सुमारास ३.६ टक्के झाली. दमा असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या मुलांना फायदा झाला. मुलांनी यासाठी कोणतेही औषध घेतले नव्हते. त्यांच्या गावची हवा बदलली होती. तामिळनाडूतला निराशेचा निकाल आणि कॅलिफोर्नियातला आशेचा निकाल यांतला फरकही कदाचित इथेच आहे. तिथे एकेका स्वयंपाकघरातला धूर कमी झाला, तर इथे सगळ्या गावाची हवा सुधारली आणि ती वर्षानुवर्षे सुधारलेली राहिली.

फुप्फुसांची वाढ मुलींमध्ये अठराच्या आसपास, मुलांमध्ये विशीच्या सुरुवातीला थांबते. तिथून पुढे प्रत्येकाची क्षमता दरवर्षी थोडी थोडी उतरत जाते, धूम्रपान न करणाऱ्याचीही. ज्याची शिखराची उंचीच कमी राहिली, तो उतरता उतरता धाप लागण्याच्या पातळीला इतरांच्या कितीतरी आधी पोचतो. इंग्लंडच्या हर्टफर्डशरमध्ये १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या पुरुषांचे जन्माचे वजन सुईणींच्या नोंदवहीत लिहिलेले होते. साठीच्या आसपास त्यांच्या फुप्फुसांची तपासणी केली, तेव्हा जन्माच्या वेळी जे हलके होते त्यांची क्षमताही सरासरीने कमी निघाली, मग ते धूम्रपान करणारे असोत वा नसोत. आज खेड्यांतल्या दवाखान्यांत कधीही विडी न ओढलेली, आयुष्यभर चुलीपुढे बसलेली पन्नाशीतली बाई धाप लागते म्हणून येते, तेव्हा डॉक्टर तिला चुलीबद्दल विचारतात. तिचा जन्म कुठे झाला, बाळपणी ती कोणत्या धुरात वाढली, हेही त्याच वेळी विचारण्यासारखे आहे.