‘उत्तम स्थिती’ म्हणजे नेमके काय?

‘एकहाती, उत्तम स्थितीतील मोटार; किंमत बोलून’ या मजकुरात पडताळता येण्याजोगे विधान एकच, ‘एकहाती’, आणि तेही पुष्कळदा फोल ठरते; कारण नोंदणी-प्रमाणपत्रात मालकाचा अनुक्रमांक असतो, आणि काकांनी पुतण्याच्या नावे केलेले हस्तांतरही तेथे ‘दुसरा मालक’ म्हणूनच दाखल होते.

दुरुस्त मजकूर असा करता येईल : ‘२०१६ची पेट्रोल मोटार, दुसरा मालक, कर्जाचा बोजा प्रमाणपत्रावरून उतरविलेला, ६८,४०० किलोमीटर, मार्चमधील सर्व्हिसिंगच्या पावतीवर ६६,९००, डावा पुढचा दरवाजा धडकेनंतर बदलून रंगविला, पावती आहे, किंमत २,८५,००० रुपये, हस्तांतराचा खर्च घेणाऱ्याकडे, इंजिन थंड असताना आपल्या मेकॅनिककडून तपासून घ्यावी.’

थंड इंजिनाचा हा आग्रह निष्कारण नव्हे. आधीच तापवून ठेवलेली मोटार पहिल्यांदा चालू करतानाची खडखड आणि निळसर धूर सहज लपविते. बोज्याच्या बाबतीत तर केवळ बँकेच्या ना-हरकत दाखल्यावर भिस्त ठेवू नये. कर्ज पूर्ण फिटले तरी, फॉर्म ३५ परिवहन कार्यालयात दाखल होऊन नोंद रद्द होईपर्यंत, बोजा सरकारी दप्तरी कायमच राहतो.